चाफ्याची सगळी पानं गळाली, झोपलाय की संपत चाललाय?

मृण्मयी_प्रतापनगर · १६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गच्चीवर चाफ्याच्या तीन कुंड्या आहेत. पांढरा-पिवळा देवचाफा कापलेल्या निळ्या ड्रममधे आहे, चांगला माणसाच्या उंचीचा. लाल चाफा सिमेंटच्या कुंडीत आहे, दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेला. आणि तिसरा तो चमच्यासारख्या पानांचा, पुडिका. दिवाळीपर्यंत सगळं मस्त होतं. नोव्हेंबर संपता संपता पांढऱ्याची पानं खालून पिवळी पडायला लागली आणि आता दोन्ही मोठे पूर्ण बोडके झालेत, नुसत्या करड्या काड्या उभ्या. पुडिकाला मात्र पानं आहेत. समोरच्या बंगल्यातल्या चाफ्यालाही भरपूर पानं आहेत, म्हणून जास्त टेन्शन येतंय.

सासूबाई म्हणतात देवाचं झाड वाळलं, पाणी कमी पडतंय, आणि त्या रोज सकाळी एक एक मग घालून राहिल्या आहेत. मला वाचून माहिती आहे की थंडीत पानं गळतात, पण लालच्या एका फांदीचं टोक दाबलं तर मऊ लागतंय. आता पानंच नाहीत तर झाडाची तब्येत ओळखायची कशावरून? कुणी नागपूरच्या थंडीत चाफा कुंडीत सांभाळला असेल त्यांनी प्लीज सांगा.

गोलू_मानेवाडा · १६ डिसेंबर, रात्री ९:५२

सकाळी सहाला आंघोळीला उठलो तर माझीपण पानं गळतात बावा. झाडाला काय बोलता.

सुलभा_कुलकर्णी_७१ · १६ डिसेंबर, रात्री १०:१५

माझ्या चाफ्याचीही पानं पिवळी पडतायत पण गळत नाहीत, कडा करपतात आणि कळ्या उमलायच्या आधीच पडतात. मी आयर्न घातलं, ताक घातलं, काही फरक नाही. वास मात्र अजून छान येतो, केसात माळला की संध्याकाळपर्यंत टिकतो.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १६ डिसेंबर, रात्री १०:४०

सुलभाताई, केसात माळता म्हणजे तुमचा सोनचाफा आहे, ते झाड वेगळंच. त्याला चीक नसतो आणि त्याने थंडीत पूर्ण बोडकं होणं बरोबर नाही. तुमच्या झाडाचं वेगळं बोलू. इथे मृण्मयी विचारतेय तो चिकाचा चाफा, खुरचाफा.

मृण्मयी, आधी समोरच्या बंगल्याचं टेन्शन सोड. त्या झाडाच्या पानाचं टोक बघ. गोल, बोथट असेल आणि पान जाड, गडद, चकचकीत असेल तर तो ऑब्ट्युसा. तो आपल्याकडे थंडीतही बरीच पानं धरून ठेवतो. तुझे दोन्ही टोकदार पानांचे असणार, रुब्रा जातीचे. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, जिथे वर्षातला मोठा काळ कोरडा असतो, तिथे पाण्याशिवाय दिवस काढायचे म्हणून पानं टाकून देते. आपल्याकडे रात्री १०-१२ डिग्रीला आल्या, दिवस लहान झाले की हेच करते. पुडिका हट्टी असते, थोडी पिवळी पडेल पण सहसा पूर्ण बोडकी होत नाही.

पानं गळाली यावरून काहीच कळत नाही हे आधी लक्षात घे. झोपलेलं झाड आणि सडणारं झाड दोन्ही बोडकीच दिसतात. बघायचं ते पान गळालं कसं आणि आता फांदी कशी आहे. तुझ्या पांढऱ्याचं तू लिहिलंस की खालून पिवळं होत वर गेलं, ते चांगलं लक्षण. पान पूर्ण पिवळं होऊन देठासकट सुटतं, फांदीवर स्वच्छ कोरडी खूण राहते, आणि शेंड्यावरचा छोटा पानांचा झुपका शेवटी जातो. सडणाऱ्या फांदीवर उलटं होतं. शेंड्याची कोवळी पानं आधी मान टाकतात, हिरवी असतानाच काळपटतात आणि बऱ्याचदा गळत नाहीत, लोंबकळत राहतात. लालच्या त्या मऊ टोकाच्या फांदीवर पानं कशी गेली आठवतं का?

मृण्मयी_प्रतापनगर · १६ डिसेंबर, रात्री ११:०५

हो! त्या फांदीवर दोन पानं काळी होऊन लटकली होती, मीच ओढून काढली. बाकीच्या फांद्यांवर पिवळी होऊन गळाली. आणि समोरच्या झाडाची पानं टोकाला गोल आहेत, आत्ताच बाल्कनीतून टॉर्च मारून बघितलं, तिथला कुत्रा उठला.

कौस्तुभ_दादर · १७ डिसेंबर, सकाळी ८:३०

आमच्या इथे डिसेंबरात चाफ्याला पानं आहेत आणि थोडी फुलंपण. त्यामुळे सगळी गळणं नॉर्मल आहे हे मला पटत नाही. एवढा काथ्याकूट कशाला, नखाने साल खरवडा. हिरवं दिसलं आणि दूध आलं की झाड जिवंत, नाही आलं की मेलं. प्रत्येक फांदीवर दोन-तीन ठिकाणी बघून घ्या, विषय संपला.

गजू_अमरावती · १७ डिसेंबर, सकाळी ९:१०

दादरचे भाऊ, तुमच्या इथं थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर. आमच्या इथं या, सकाळी शेकोटीपाशी बसा, मंग बोलू.

आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळापाशी चाफा हाय, माह्या आज्याच्या टायमाचा. कोणी पाणी देत नाही, कोणी खत देत नाही. दिवाळीनंतर पूरा बोडका होते, पोट्टे त्याच्यावर चढून बसते. अन् एप्रिलात पानं यायच्या आधी फुलं येते कधी कधी. काऊन एवढी चिंता करून राहिल्या ताई, त्याले त्याच्या मनानं राहू द्या.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १७ डिसेंबर, सकाळी ११:२०

गजूभाऊ, जमिनीतल्या झाडाला तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. त्याची मुळं खोल, पाऊस संपल्यावर माती वरून वाळत जाते आणि झाड आपोआप झोपतं. कुंडीत तसं होत नाही, तिथे आपण मग घेऊन उभे असतो. पानं नसली की झाड पाणी ओढतच नाही जवळजवळ, तेवढं एक मगभर पाणी रोज ड्रमच्या तळाशी साचत जातं, रात्री माती गार होते, आणि मुळं कुजायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी बघितलेले बरेचसे चाफे थंडीने नाही गेले, थंडीतल्या पाण्याने गेले. झाड आधी खरंच झोपलेलं असतं, आपण दयेपोटी पाणी घालतो, जानेवारीत ते आतून सडतं, आणि मार्चमधे कळतं.

कौस्तुभ, मुंबईत रात्र १८-२० ला थांबते, त्यामुळे गळती उशिरा होते आणि कधी अर्धीच. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात ३.५ पर्यंत उतरलं होतं पारा. तुलना नको. खरवडण्याचं म्हणशील तर अर्धं बरोबर आहे. खरवडलेल्या जागी काय आहे तेवढंच त्यातून कळतं. बुडाशी हिरवं आणि भरपूर चीक, वर वीतभर पूर्ण सडलेलं, असं असू शकतं. सड पुष्कळदा मधल्या गाभ्यातून उतरते, साल बाहेरून हिरवीच असते. आणि थंडीत चीक हळू येतो, चांगल्या फांदीवरही पटकन टपकत नाही, त्यामुळे लोक घाबरून आणखी खोल खरवडतात. प्रत्येक फांदीवर दोन-तीन जखमा करायच्या म्हणजे गार हवेत न वाळणारी दोन-तीन दारं उघडी ठेवायची. शंका असेल तिथे एकदाच, नखाएवढं, बस.

त्यापेक्षा अंगठा वापर, मृण्मयी. प्रत्येक फांदी शेंड्यापासून खाली चार-चार बोटांवर दाबत ये. झोपलेली फांदी कच्च्या बटाट्यासारखी घट्ट लागते. तिच्यावर बारीक सुरकुत्या असू शकतात, कोरड पडली की साल थोडी आकसते, पण सुरकुत्या सगळ्या फांद्यांवर साधारण सारख्या असतात आणि आत घट्ट असतं. सडलेली दाबली की आत जाते, किंवा साल कागदासारखी पोकळ वाजते, किंवा पाणी सुटतं. जिथे मऊ संपून घट्ट सुरू होतं तिथे मार्करने फांदीभोवती रेघ मार आणि चार-पाच दिवस पाणी पूर्ण बंद ठेवून परत दाब. मऊपणा रेघेच्या खाली उतरला तर सड चालू आहे, कापायचं. रेघेवरच थांबला आणि टोक वाळून सुकं, कडक व्हायला लागलं तर झाडानेच ती हद्द बंद केली, मग घाई नाही.

रावसाहेब_काटोल · १७ डिसेंबर, दुपारी १:४५

आम्ही संत्रावाले. मॅडम सांगतात ते आमच्याकडे लहान पोरालाही माहिती आहे, ताण देणं म्हणतात त्याला. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतो, झाडाची पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात, मग जानेवारीत पाणी सोडलं की फुलोरा. ताणावर असलेलं झाड पाहून नवखा माणूस म्हणतो बाग वाळली. तसंच चाफ्याचं. मऊ पडलेलं टोक म्हणजे डिंक्यासारखाच बुरशीचा रोग, कापा आणि बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. आमचा अनुभव आहे.

आणि जानेवारीच्या मध्यात भरपूर पाणी द्या, लगेच फुटेल.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १७ डिसेंबर, दुपारी २:३०

रावसाहेब, ताणाचं उदाहरण अगदी फिट बसतं, शेवटची ओळ सोडून. संत्र्याला पानं असतात, पाणी दिलं की ती ओढून घेतात. चाफ्याला जानेवारीत पानंच नाहीत, रात्री गार आहेत, त्याला तुम्ही पाण्याने उठवू शकत नाही, तो ऊन वाढल्यावर उठतो. जानेवारीत भरपूर पाणी म्हणजे नेमकं नको ते. बोर्डो पेस्टला माझी ना नाही, कापलेल्या तोंडावर चालते, फक्त चीक पूर्ण वाळल्यावर लावायची. पण एका फांदीसाठी दहा लिटर बनवू नका हं मृण्मयी, प्रत्येकी दहा ग्रॅम आणि शंभर मिली पाणी पुरे. प्लास्टिकच्या डब्यात कालव, लोखंडाच्या नको.

गोलू_मानेवाडा · १७ डिसेंबर, दुपारी २:३६

दहा लिटरमधे गच्चीला वॉटरप्रूफिंग पण होऊन जाईल.

प्रशांत_हिंगणा · १७ डिसेंबर, रात्री ९:००

माझा प्रश्न याच्याशी जुळतो का माहीत नाही. माझ्या चाफ्याची पानं सप्टेंबरातच गेली. पानाच्या खाली नारिंगी भुकटी होती, हाताला हळदीसारखी लागत होती, वरच्या बाजूला पिवळे ठिपके. ऑक्टोबरमधे परत चार पानं आली आणि आता तीपण गळाली. ही पण झोपच का?

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १७ डिसेंबर, रात्री ९:४०

ती तांबेरा बुरशी. ती पानांवरच राहते, फांदीत उतरून झाड मारत नाही, पण पानं लवकर पाडते. आता गळाली ती झोपच, फक्त तुझं झाड उपाशी झोपलंय म्हण ना. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानांनी जे साठवायचं ते साठवलंच नाही. त्यामुळे तुझ्या फांद्यांवर सुरकुत्या जास्त दिसतील आणि मार्चमधे उशिरा फुटेल, त्याला सड समजू नकोस. कुंडीतली गळालेली पानं सगळी उचलून कचऱ्यात टाक, कंपोस्टमधे नको. पुढच्या पावसाळ्यात खालची पानं उलटी करून बघत जा, पहिल्या ठिपक्यालाच ते पान तोड.

कौस्तुभ_दादर · १८ डिसेंबर, सकाळी ९:०५

बरं, अंगठ्याचं मान्य. पण मुळं सडली असतील तर फांदी किती दिवस घट्ट राहते? मला वाटतं बरेच दिवस. मग फांदी घट्ट म्हणून निर्धास्त बसणं पण धोक्याचंच ना.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १८ डिसेंबर, दुपारी १२:१०

बरोबर पकडलंस. फांदीत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, मुळं गेली तरी ती कित्येक आठवडे घट्ट राहते. म्हणून तर तोडलेली काडी मातीत खोचली की मुळं नसताना पानं काढते, फूलसुद्धा काढते, आणि लोक खूश होतात, मग महिन्याने कोसळते. त्यासाठी दोन गोष्टी बघायच्या. एक, खोड बुडाशी धरून हळूच हलवायचं. मुळं धड असतील तर मातीसकट हलतं, मुळं गेली असतील तर खोड मातीत सैल फिरतं. दुसरं, बांबूची बारीक काडी कडेने तळापर्यंत घालायची, अर्ध्या तासाने काढून बघायची. पाणी बंद करून आठवडा झाला तरी खालचं टोक ओलं आणि आंबट वासाचं येत असेल तर तळ कुजतोय.

मृण्मयी, माती काय वापरली आहेस?

मृण्मयी_प्रतापनगर · १८ डिसेंबर, रात्री ८:२०

पांढऱ्याला माळ्याने काळी माती आणि शेणखत भरलं होतं, अर्धं-अर्धं. लालला नर्सरीचा लाल मातीचा गोळा होता तो तसाच ठेवून बाजूने काळी माती. ड्रमला भोकं आहेत पण खाली गच्चीच्या फरशीवर सपाट टेकलाय.

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. कच्चा बटाटा ऐकल्यावर त्या स्वतः वर गेल्या आणि सगळ्या फांद्या दाबून आल्या. त्यांचा रिपोर्ट: पांढरा "टणक", लालची एक फांदी "नासकी". पाणी बंद केलंय, रुसल्या आहेत थोड्या.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १८ डिसेंबर, रात्री ९:००

सासूबाईंना नमस्कार सांग, बोटं तयार आहेत त्यांची.

काळी माती हे आपल्या भागातलं मोठं दुखणं. कपाशीला चांगली, चाफ्याला वाईट. पाणी धरून ठेवते, वरून भेगा पडतात आणि आत ओल तशीच. आज लगेच ड्रमखाली तीन विटा घाल, भोकं मोकळी होऊ देत. फांद्यांचं रेघेचं काम कर. आणि रात्री कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला सरकवता आल्या तर बघ, दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते.

गजू_अमरावती · १८ डिसेंबर, रात्री ९:१५

माणूस भरलेला ड्रम सरकवन कसा मॅडम, मांजर हाय का ते.

मृण्मयी_प्रतापनगर · २३ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

अपडेट. रेघ मारली होती, आज परत दाबलं तर मऊपणा रेघेच्या खाली दोन बोटं उतरलाय. आणि पूर्वी टोक नुसतं मऊ होतं, आता तिथे साल काळपट-चॉकलेटी झालीय. बाकी फांद्या घट्ट. पांढऱ्यावर सुरकुत्या आहेत पण सगळीकडे सारख्या. काडी घातली तर पांढऱ्याच्या तळाशी अजून ओल आहे, वास नाही. लालचं खोड हलवलं, मातीसकट हलतं. कापू ना?

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २३ डिसेंबर, सायंकाळी ७:१०

काप. दुपारच्या उन्हात, संध्याकाळी नको. धारदार ब्लेड किंवा सिकेटर स्पिरिटने पुसून घे, हातात ग्लोव्ह्ज, चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, आग होते आणि कपड्यावरचा डाग जात नाही. आत्ता घट्ट लागतं तिथून तीन बोटं खाली पहिला काप घे आणि कापलेलं तोंड नीट बघ. चांगलं असेल तर पूर्ण पांढरट-हिरवं दिसेल आणि कडेने सगळीकडून चीक येईल. मधे गाभ्यात चॉकलेटी ठिपका दिसला, कितीही छोटा असो, तर सड अजून खाली आहे. ब्लेड परत पुसायचं आणि दोन बोटं खाली कापायचं. ठिपका पूर्ण जाईपर्यंत. इथे जीव तुटतो माणसाचा, पण ठिपका ठेवून थांबलीस तर आठवड्याने बुडाशी पोचेल.

मृण्मयी_प्रतापनगर · २४ डिसेंबर, दुपारी ३:५०

कापलं. पहिल्या कापाला ठिपका होता, मुगाएवढा. दुसऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढा. तिसऱ्याला स्वच्छ पांढरं आणि चीक धो धो. फांदी फूटभर होती ती आता वीतभर उरलीय. वरचा तुकडा उभा चिरून बघितला, गाभा आतून ओला, तपकिरी, आंबवलेल्या पिठासारखा वास, आणि गंमत म्हणजे अर्ध्या भागापर्यंत बाहेरची साल हिरवीगार. कौस्तुभदादा, तिथे खरवडलं असतं तर पास झालं असतं.

कौस्तुभ_दादर · २४ डिसेंबर, दुपारी ४:१५

फोटो टाका. मानलं. पण कारण काय, थंडी का बुरशी? टोक थंडीने काळं पडतं हेही खरं आहे.

रावसाहेब_काटोल · २४ डिसेंबर, सायंकाळी ५:००

बुरशीच. थंडीने असतं तर सगळ्या टोकांना झालं असतं.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २४ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

मी एवढ्या खात्रीने नाही सांगणार. एखाद्या टोकाला ऑक्टोबरातलं फुलांचं देठ तुटलेलं असतं, तिथे जखम असते, गार रात्रीने तेच टोक आधी खचतं आणि मग बुरशी आत शिरते. दोन्ही मिळूनच होतं बऱ्याचदा. कापायचं दोन्हीकडे सारखंच.

रावसाहेब_काटोल · २४ डिसेंबर, सायंकाळी ६:०५

ते ठीक. पण माती आत्ताच बदला, मुळं त्या चिखलात आणखी दोन महिने ठेवून काय फायदा.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २४ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

इथे मात्र आपलं जमणार नाही. वास नाही, खोड घट्ट, मातीसकट हलतं, म्हणजे मुळं शाबूत आहेत. आत्ता उपटलं तर बारीक मुळं तुटतील आणि तुटलेली मुळं गार मातीत भरून येत नाहीत. पाणी बंद, विटा घातल्या, तळ आपोआप वाळेल. फेब्रुवारी शेवटी बदलू. आंबट वास आला असता तर मीही आज रात्रीच उपटलं असतं.

रावसाहेब_काटोल · २४ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

आम्ही असतो तर बदललीच असती.

सुलभा_कुलकर्णी_७१ · २ जानेवारी, सकाळी १०:००

मी पण माझ्या सोनचाफ्याचं पाणी बंद केलं आठवडाभर, आता पानं जास्तच मलूल दिसतात.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २ जानेवारी, सकाळी १०:०६

सुलभाताई!! आज, आत्ता पाणी द्या. सोनचाफ्याला ताण चालत नाही.

मृण्मयी_प्रतापनगर · १९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. पांढऱ्याच्या चार टोकांना हिरवी चोच दिसायला लागलीय! लाल अजून ढिम्म. कापलेलं तोंड वाळून कडक झालंय, बाकी फांद्या घट्ट पण सुरकुत्या वाढल्यात. पाणी सुरू करू का? आणि लालसाठी किती वाट बघायची?

गजू_अमरावती · १९ फेब्रुवारी, रात्री ९:४४

होळी होऊ द्या ना बाप्पा. आमच्या मारुतीचापण अजून झोपूनच हाय.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · १९ फेब्रुवारी, रात्री १०:१०

चोच दिसली म्हणजे उठला, पण मुळं अजून अर्धवट झोपेत असतात. चोच बोटभर लांब होऊन पान उलगडेपर्यंत थांब, मग पहिलं पाणी अर्धी बादली, आणि काडी तळाशी कोरडी आल्याशिवाय दुसरं नाही. खत पानं तळहाताएवढी झाल्यावर. माती आता बदलायला हरकत नाही. काळी माती पाव भागाच्या वर नको, बाकी जाड रेती, विटांचे तुकडे, थोडं जुनं शेणखत. नर्सरीचा लाल गोळा पाण्यात भिजवून मोकळा कर, तो दगड होऊन बसतो आणि पाणी बाजूने निघून जातं.

लाल घट्ट आहे तोवर वाट बघ. माझ्याकडचा एक लाल एप्रिल संपता संपता फुटतो दरवर्षी. मेच्या मध्यात ४५ डिग्री ऊन झेलूनही एकही टोक हललं नाही तर मात्र उपटून मुळं बघ. सुरकुत्यांचा एक उपयोग आता होईल. एक दिवस दुपारी अर्धा मग कोमट पाणी दे. मुळं चालू असतील तर आठ-दहा दिवसांत सुरकुत्या थोड्या भरून येतात. नाही आल्या तर परत पाणी नाही.

मृण्मयी_प्रतापनगर · २८ मार्च, सायंकाळी ७:००

लाल फुटला! कापाच्या जरा खाली, एकाऐवजी दोन फुटवे, आणि दुसऱ्या एका फांदीच्या शेंड्यालापण. सुरकुत्या भरायला दोन आठवडे लागले. माती बदलताना बघितलं, तळाकडची काही मुळं काळी, पोकळ होती, ती काढली, वरची पांढरी होती. म्हणजे रावसाहेब काका आणि अनुराधाताई दोघंही थोडे थोडे बरोबर. पांढरा तर पानांनी भरलाय, एक कळ्यांचा गुच्छपण दिसतोय.

रावसाहेब_काटोल · २८ मार्च, सायंकाळी ७:२०

काळी मुळं होती म्हणजे डिसेंबरातच बदलायला हवी होती.

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २८ मार्च, सायंकाळी ७:३५

तेवढी तर डिसेंबरातच गेलेली होती काका, बदलून परत आली नसती.

प्रशांत_हिंगणा · २९ मार्च, सकाळी ८:१५

माझा अजून बोडका, घट्ट आहे. खोडाच्या पश्चिमेकडच्या बाजूला साल फिकी होऊन तडकल्यासारखी दिसतेय, दाबलं तर कडक. ही सड नाही ना?

अनुराधा_सेमिनरीहिल्स · २९ मार्च, सकाळी ९:००

एकाच बाजूला, पश्चिमेला, आणि कडक, म्हणजे ऊन लागलंय. पानांची सावली नाही ना अंगावर. दुपारी दोन ते पाच त्या बाजूला गोणपाट बांध, पानं आली की काढ. तडकलेल्या जागी मऊ लागायला लागलं तर रेघ मार आणि सांग.

गोलू_मानेवाडा · २९ मार्च, सकाळी ९:१२

गोणपाट मलापण एक द्या, ऑफिसला बाईकने जातो.